पेरणीची प्रार्थना आणि श्रमाची नावे : रोमन कृषिविधीतील बारा देवता

प्राचीन रोममध्ये पेरणीच्या हंगामाशी निगडित असा एक विधी होता. त्यात ‘फ्लामेन’ म्हणजे एका विशिष्ट देवतेच्या सेवेस वाहिलेला पुरोहित, भूमिदेवता तेल्लुस आणि धान्यदेवता केरेस यांच्यासाठी यज्ञकर्म करी आणि त्या वेळी बारा देवतांना नावाने आवाहन करी. ही बारा नावे पुढे दिली आहेत. ती प्रथम वाचणाऱ्यास देवतांची नावे वाटतच नाहीत. शेतावरील कामकऱ्यांची हजेरी घ्यावी तशी ती वाटतात. या साम्याचा अर्थ काय, आणि ज्या माणसांच्या कामावरून ती नावे आली त्या माणसांना या प्रार्थनेत कोणते स्थान होते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम साधनांविषयी. ही यादी फाबियस पिक्टर या धर्मविधिज्ञाच्या ग्रंथातील आहे. त्याचा ग्रंथ नष्ट झाला असून, व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’ या कृषिकाव्यावर सर्व्हियसच्या नावाने चालत आलेल्या टीकेत ही यादी उद्धृत झाल्यामुळे वाचली. सर्व्हियसचा काळ इ. स. 400 च्या सुमाराचा. म्हणजे मूळ ग्रंथ आणि आपल्या हाती असलेला उतारा यांत काही शतकांचे अंतर आहे. शेतांचे रक्षण करणाऱ्या सर्व देवदेवतांना कवीने केलेल्या आवाहनाचे स्पष्टीकरण करताना टीकाकाराने ती दिली आहे. विधीची तिथी त्याने सांगितलेली नाही. परंतु तेल्लुस आणि केरेस ही जोडी ‘फेरिये सेमेंतिवे’ म्हणजे पेरणीच्या सणाचीही आराध्य जोडी होती. म्हणून बारा नावांचे आवाहन आणि हा सण यांचा परस्परसंबंध अभ्यासक मानीत आले आहेत. झां बाये यांनी 1950 साली या विषयावर लिहिलेला निबंध प्रसिद्धच आहे.

पेरणीच्या सणाचे वर्णन ओव्हिडच्या ‘फास्ती’ या पंचांगकाव्याच्या पहिल्या सर्गात आहे. हा सण ठराविक तिथीचा नव्हता. पुरोहितमंडळ दरवर्षी त्याचा दिवस जाहीर करी आणि तो बहुधा जानेवारीच्या उत्तरार्धात येई. इटलीतील गव्हाची मुख्य पेरणी शरद ऋतूत होते, तेव्हा जानेवारीत ती संपलेली असे आणि वसंतातील पेरणी पुढे असे. दोन पेरण्यांच्या मधला हा विसाव्याचा काळ होय. या दिवशी नांगर खांबाला टांगून ठेवीत, बैलांच्या गळ्यात माळा घालीत, आणि तेल्लुस व केरेस यांना स्पेल्ट या जातीचा गहू व गाभण डुकरीचा बळी अर्पण करीत. ओव्हिडच्या म्हणण्याचा भावार्थ असा की, केरेस ही पिकाला उत्पत्ती देते आणि भूमी त्याला जागा देते. बीज आणि माती यांची ही वाटणी स्पष्ट आहे. मागणेही नेमके आहे : पाखरांनी व मुंग्यांनी दाणे नेऊ नयेत, तांबेरा पडू नये, तण माजू नये, पीक आकाशाच्या कोपाने खुरटू नये आणि अतिपोसाने माजून वायाही जाऊ नये.

बीज आणि भूमी यांना अशा रीतीने एकेक देवता मिळाली. श्रमाचे काय? त्याचे उत्तर फ्लामेनच्या यादीत आहे. ती कामांच्या क्रमाने अशी : पड जमीन पहिल्याने फोडणारा तो वर्वाक्तोर; दुसऱ्यांदा नांगरणारा रेदारातोर; सरी-वरंबे काढणारा इम्पोर्कितोर; बी टाकणारा इन्सितोर; टाकलेले बी नांगराने झाकणारा ओबारातोर; ढेकळे फोडून जमीन सारखी करणारा ओक्कातोर; कुदळीने माती हलवणारा सार्रितोर; तण उपटणारा सुब्रुंकिनातोर; कापणी करणारा मेस्सोर; पीक वाहून आणणारा कोन्वेक्तोर; कोठारात साठवणारा कोन्दितोर; आणि कोठारातून धान्य बाहेर काढणारा प्रोमितोर.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही यादी फार बोलकी आहे. बाराही नावे एकाच प्रत्ययाने सिद्ध झाली आहेत. लॅटिनमधील हा ‘-तोर’ प्रत्यय म्हणजे संस्कृतातील कर्तृवाचक ‘-तृ’ प्रत्ययाचा सख्खा भाऊ. लॅटिन ‘दातोर’ व संस्कृत ‘दातृ’, लॅटिन ‘गेनितोर’ व संस्कृत ‘जनितृ’ या जोड्या सर्वपरिचित आहेत. मराठीत आपण कर्ता, दाता, नेता, भोक्ता असे शब्द वापरतो ते त्याच प्रत्ययाचे प्रथमान्त रूप होय. ‘मेस्सोर’ या नावात प्रत्यय लपल्यासारखा दिसतो. पण तेथेही ‘मेत्-’ (कापणे) या धातूच्या अंत्य तकारापुढे ‘-तोर’ येऊन दोन तकारांचे नियमाप्रमाणे ‘स्स’ झाले आहे.

या प्रत्ययाविषयी एमिल बेन्व्हेनिस्त यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद दाखविला आहे. वैदिक भाषेत ‘दातृ’ या शब्दावर दोन ठिकाणी आघात येऊ शकतो. धातूवर आघात असता तो शब्द ‘अमुक कृत्य ज्याच्या हातून घडले तो’ असा अर्थ देतो. प्रत्ययावर आघात असता ‘अमुक कृत्य हे ज्याचे नेमलेले काम आहे तो’ असा अर्थ देतो. ग्रीक भाषेने हा भेद दोन निराळ्या प्रत्ययरूपांनी राखला. लॅटिनमध्ये मात्र दोन्ही एकाच ‘-तोर’ रूपात मिसळून गेले. त्यामुळे ‘मेस्सोर’ हा शब्द नुसता उच्चारला असता तो आज कापणी करणारा माणूस, कापणीचा धंदा करणारा माणूस, की कापणीची अधिष्ठात्री देवता, हे रूपावरून कळू शकत नाही. ते कळते केवळ प्रसंगावरून.

यादीच्या पाठासंबंधी एक उदाहरण येथे घेणे योग्य होईल, कारण त्यातून तिची रचना अधिक स्पष्ट होते. दुसरे नाव हस्तलिखितांत ‘रेपारातोर’ असे आढळते. त्याचा अर्थ ‘पुन्हा सिद्ध करणारा, दुरुस्त करणारा’. अनेक संपादकांनी त्या जागी ‘रेदारातोर’ म्हणजे ‘पुन्हा नांगरणारा’ असा पाठ स्वीकारला आहे. कारण असे की, यादीतील इतर नावे अगदी ठोस कामे सांगतात. ‘दुरुस्त करणारा’ हे कोणत्याही विशिष्ट कामाचे नाव नव्हे. शिवाय शेतीचा क्रम या पाठाच्या बाजूने साक्ष देतो. व्हारो या ग्रंथकाराने नांगरटीच्या तीन पाळ्या निरनिराळ्या क्रियापदांनी सांगितल्या आहेत : पहिली जमीन फोडण्याची, दुसरी ढेकळे मोडण्याची, आणि तिसरी बी टाकल्यावर नांगराच्या फाळाला फळ्या लावून बी वरंब्यांत झाकण्याची व पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी सऱ्या पाडण्याची. आपल्याकडे दुसऱ्या नांगरटीला ‘दुणणी’ असे स्वतंत्र नाव आहे, त्या जागी हा रेदारातोर बसतो. लेखनिकाला शेतीतील शब्द अपरिचित असला की त्याची लेखणी परिचित शब्दाकडे वळते. येथे तसेच घडले असावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या देवता लोकांच्या श्रद्धेत खरोखर होत्या, की पुरोहितांनी बसून तयार केल्या? हेर्मान उझेनर यांनी 1896 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गोटरनामेन’ या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, एकेका कृत्यापुरती एकेक देवता ही धर्माची अतिप्राचीन अवस्था असून, मोठे देव नंतरचे होत. गेओर्ग व्हिस्सोवा यांनी त्याला विरोध केला : ही नावे म्हणजे मोठ्या देवतेच्या कार्याचे पुरोहितांनी केलेले शब्दविभाजन आहे, स्वतंत्र पूजा असलेल्या देवता नव्हेत. संत ऑगस्टीन यांनीही आपल्या ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात अशा नावांची थट्टा केली आहे; एका दाण्याला जमिनीखाली एक देवी, जमिनीवर दुसरी, कोठारात तिसरी, मग एकीवरच भागत का नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. या वादात एक गोष्ट मागे पडली. बारा नावे देवतांची म्हणून केव्हा झाली हे सांगणे कठीण असले, तरी ती शब्द म्हणून कोणाची होती हे मात्र इतर साधनांवरून दाखविता येते.

पहिले साधन रंगभूमीचे. प्लाउतुस या नाटककाराचा मृत्यू इ. स. पू. 184 मध्ये झाला. त्याच्या ‘काप्तिवी’ (बंदिवान) या नाटकात हेगिओ नावाचा धनी तिंदारुस नावाच्या दासावर संतापतो. त्याने केलेल्या लबाडीवरून त्याला पापांचा पेरणारा, खुरपणारा आणि कापणारा असे म्हणतो. त्यावर बेड्यांतील तो दास धन्याला सुनावतो की, ढेकळे फोडणाऱ्याला आधी का विसरलास, शेतकरी माती हलवण्यापूर्वी ढेकळे फोडतात. हा विनोद फ्लामेनच्या यादीशी ताडून पाहावा. ओक्कातोर आधी, सार्रितोर नंतर, हाच यादीचा क्रम आहे. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ही नावे सामान्य प्रेक्षकांच्या तोंडची होती, पुरोहितांच्या कोशातून निघालेली नव्हेत. आणि क्रम चुकणे हे हसू येण्याइतके उघड होते. तसेच क्रम दुरुस्त करणारे पात्र दासाचे आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याने शेत पाहिले आहे त्याला तो क्रम ठाऊक असणारच.

दुसरे साधन हिशेबाचे. कोलुमेल्ला याने इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यानंतर शेतीवर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात चार किंवा पाच मोदियस गहू पेरण्यासाठी माणसांचे किती दिवस लागतात याचा हिशेब आहे. मोदियस हे सुमारे पावणेनऊ लिटरांचे माप, आणि व्हारोच्या मते पाच मोदियस गहू एका युगेरास म्हणजे सुमारे पाव हेक्टर जमिनीस लागे. कोलुमेल्लाचे आकडे असे : औत्याचे दिवस चार, ढेकळे फोडणाऱ्याचा एक, माती हलवणाऱ्याचे पहिल्या पाळीत दोन व दुसऱ्या पाळीत एक, तण काढणाऱ्याचा एक, कापणाऱ्याचा दीड, एकूण साडेदहा दिवस. त्याने वापरलेले शब्द पाहिले की आश्चर्य वाटते : ओक्कातोर, सार्रितोर, रुंकातोर, मेस्सोर. जी नावे फ्लामेन यज्ञाच्या वेळी उच्चारीत असे, जवळजवळ तीच नावे येथे कामाचे दिवस मोजण्यासाठी आली आहेत. फरक एवढाच की, प्रार्थनेत नांगरटीला चार निराळी नावे आहेत, तर हिशेबात बैल हाकणारा तो एकच माणूस आहे. कारण जमाखर्च लिहिणाऱ्याला कृत्ये मोजावयाची नसतात, माणसे मोजावयाची असतात.

याच ठिकाणी प्रार्थनेमागील भीतीही समजून घेतली पाहिजे. कोलुमेल्लाच्या म्हणण्याप्रमाणे इटलीच्या बहुतेक भागांत धान्य चौपट आल्याचे क्वचितच स्मरते. चौपट धरले तरी एका युगेरात पाच मोदियस पेरून वीस मोदियस मिळतात, आणि त्यांतील पाच पुढच्या पेरणीसाठी ठेवावे लागतात. म्हणजे पिकाचा चौथा हिस्सा मातीचाच राहिला. उत्पन्न दुपटीवर आले तर निम्मे धान्य बियाण्याला जाईल. साडेदहा दिवसांचे श्रम मात्र तेवढेच राहतात, किंबहुना तण वाढले तर वाढतात. यादीच्या शेवटी कोन्दितोर आणि प्रोमितोर का येतात हे यावरून कळते. कोठारात भरलेले धान्य टिकले पाहिजे आणि योग्य वेळी बाहेर निघाले पाहिजे. जे बाहेर निघेल त्यातूनच पुढील वर्षीच्या इन्सितोराच्या हाती बी पडणार. यादीचे शेवटचे नाव अशा रीतीने पुन्हा पेरणीकडे येऊन मिळते.

यादीत एक उणीवही आहे. कापणी आणि वाहतूक यांच्या जोडीला मळणीचे नाव असावयास हवे होते, ते नाही. उफणणीचेही नाही. शेताला खत देण्याचेही नाही. ही उणीव मूळ विधीतच होती, की टीकाकाराने उतारा घेताना काही गाळले, याचा निर्णय करता येत नाही. तेव्हा बारा या संख्येवर फार मोठे अनुमान उभारू नये. यादीने जे सांगितले तेवढ्यापुरतेच तिचे प्रामाण्य मानावे.

तिसरे साधन प्रत्यक्ष शेतावरील विधीचे. काटो याने इ. स. पू. 160 च्या सुमारास लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात वसंतातील नांगरटीपूर्वी करावयाचा विधी दिला आहे. नासपतीचे झाड फुलले म्हणजे बैलांच्या प्रीत्यर्थ ज्युपिटर दापालिस याला नैवेद्य दाखवावा. ‘दाप्स’ म्हणजे देवापुढे मांडलेले जेवण. हात धुऊन मद्याचे पात्र हाती घ्यावे आणि आपल्या घरात, आपल्या माणसांदेखत हे जेवण देण्याचे जे कर्तव्य ते या पात्राने पुरे होवो अशा आशयाची प्रार्थना म्हणावी. इच्छा असल्यास वेस्ता देवीलाही द्यावे. त्या दिवशी बैलांना, औत्यांना आणि नैवेद्य करणाऱ्यांना सुटी असावी. त्यानंतर नांगरट सुरू करावी. आधी हलकी व रेताड जमीन, शेवटी भारी व पाणथळ. नैवेद्य झाल्यावर वरी, राळा, लसूण आणि मसूर यांची पेरणी करावी. आपल्याकडील बेंदूर किंवा पोळा आठवून या सुटीचे स्वरूप सहज कल्पिता येईल. मात्र पोळा पेरणी उरकल्यावर येतो, आणि हा विधी नांगर धरण्यापूर्वीचा आहे.

येथे श्रम करणारा माणूस प्रथमच विधीत दिसतो, पण कसा? बैलांच्या जोडीने, सुटीच्या यादीत. प्रार्थनेच्या शब्दांत तो नाही. काटोनेच अन्यत्र स्पष्ट सांगितले आहे की, कारभारणीने धन्याच्या आज्ञेवाचून स्वतः पूजा करू नये. संपूर्ण घराण्याच्या वतीने धनीच देवकार्य करतो हे तिने जाणावे. याला अपवाद नाही असे नाही. बैलांच्या आरोग्यासाठी मार्स सिल्वानुस याला जो नैवेद्य द्यावयाचा, तो दासाने वा स्वतंत्र मनुष्याने कोणीही द्यावा, असे त्याने म्हटले आहे. परंतु तेथेही आरोग्य मागितले जाते ते बैलांचे. आणि सुटीच्या दिवसांचा अर्थही तपासून घेतला पाहिजे. काटो आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सांगतो की, सणाच्या दिवशी जुने चर साफ करता येतात, रस्ता दुरुस्त करता येतो, काटेरी झुडपे तोडता येतात, बाग खणता येते. त्याच प्रकरणात, शेतावरून विकून टाकावयाच्या वस्तूंत म्हाताऱ्या बैलांबरोबर म्हातारा दास आणि आजारी दास यांची गणना आहे.

या तिन्ही साधनांचा एकत्र विचार केला असता माझे मत असे बनते. रोमन कृषिविधीने श्रमाला देवत्व दिले, परंतु ते देताना श्रम करणाऱ्यापासून श्रम वेगळा केला. ‘-तोर’ प्रत्ययाच्या अर्थातील द्व्यर्थतेमुळे हे सहज शक्य झाले. कापणीचे कृत्य ज्याच्या हातून घडते त्या दासाचे नाव मेस्सोर. त्या कृत्याला यश देणाऱ्या शक्तीचेही नाव मेस्सोर. फ्लामेनने आवाहन केले ते दुसऱ्याला. पहिल्याची नोंद झाली ती कोलुमेल्लाच्या दीड दिवसात. उझेनर यांना ज्या नावांत धर्माचे बालपण दिसले आणि व्हिस्सोवा यांना पुरोहितांचे पांडित्य दिसले, त्या नावांत शेतावरील कामांची रोजची परिभाषा आहे, हे आधी मान्य केले म्हणजे वादाचे स्वरूपच पालटते. पुरोहितांनी नावे घडविली नाहीत. असलेली नावे उचलली.

शेवटी एक तुलना नोंदवितो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील सत्तावन्नावे सूक्त हे क्षेत्रपती, शुनासीर आणि सीता म्हणजे नांगराची तास यांना उद्देशून आहे, आणि गृह्यसूत्रांच्या परंपरेत त्याचा संबंध नांगरटीच्या विधीशी आहे. त्यातही माती आहे, नांगर आहे, बैल आहेत. परंतु कल्याण ज्यांच्यासाठी मागितले आहे त्यांत ‘नरः’ आणि ‘कीनाशाः’ म्हणजे नांगर चालविणारी माणसेही आहेत, बैलांच्या बरोबरीने आणि त्याच शब्दांनी. दोन्ही समाजांची रचना निराळी, काळ निराळा, ग्रंथांचा प्रकारही निराळा. एका सूक्तावरून वैदिक कृषकाची स्थिती चांगली होती असे म्हणता येणार नाही. व्याकरणातील भेद मात्र स्पष्ट आहे. एका प्रार्थनेत नांगरणारा हा ज्याला हाक मारावयाची त्या देवतेचे नाव झाला. दुसरीत तो ज्याच्यासाठी मागावयाचे तो माणूस राहिला. कृषिविधींचा अभ्यास करताना कोणत्या देवतेला काय मागितले एवढेच पाहून भागत नाही. श्रम करणारा त्या वाक्यात कोणत्या विभक्तीत उभा आहे, हेही पाहिले पाहिजे.